आधारचा बारावा अंक छेडछाड का थांबवू शकत नाही

संशोधन आराखड्यांमध्ये एक वाक्य हमखास भेटतं: "डेटाची अखंडता राखण्यासाठी चेकसम वापरला आहे." कधी चेकसमच्या जागी सीआरसी असतं, कधी हॅश असतो, आणि लिहिणाऱ्याच्या मनात तिन्ही एकच असतात. पेट देऊन कोर्सवर्कला आलेल्यांचे आराखडे वाचताना मला हे वाक्य इतक्या वेळा दिसलंय की आज त्याचीच चिरफाड करायची ठरवली आहे. माझा आक्षेप एवढाच आहे की 'अखंडता' हा एक शब्द दोन वेगळ्या गोष्टी झाकतो. डेटा चुकून बिघडला आहे का, ही एक गोष्ट. कुणीतरी तो मुद्दाम बदलला आहे का, ही दुसरी. पहिलीसाठी बनवलेलं साधन दुसरीसाठी वापरलं तर ते थोडं कमी चालतं असं नाही, ते अजिबात चालत नाही. का चालत नाही, ते पायरी पायरीने बघू.

उदाहरण दूरचं घ्यायची गरज नाही. देशातलं पहिलं आधार आपल्याच खान्देशात दिलं गेलं. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात त्याची सुरुवात झाली. (१ जुलै १९९८ पर्यंत हा भाग धुळे जिल्ह्यातच होता.) त्या दिवसापासून आज तुमच्या खिशात असलेल्या कार्डापर्यंत प्रत्येक आधार क्रमांकात एक चेकसम बसलेला आहे. तो म्हणजे शेवटचा, बारावा अंक. आधीचे अकरा अंक ठरले की बारावा आपोआप ठरतो, तो कुणी मनाने निवडत नाही.

हा अंक कशासाठी आहे

माणूस आकडे लिहिताना दोन चुका सगळ्यात जास्त करतो. एक अंक चुकीचा लिहितो, किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट करतो. सगळ्या अंकांची नुसती बेरीज करून तिचा शेवटचा अंक मागे जोडला, तर पहिली चूक पकडली जाते पण दुसरी निसटते. ४२५ आणि ४५२ या दोघांची बेरीज ११ च येते, नाही का?

याकोबस व्हर्होफ या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये यावर सुंदर उपाय काढला. आधारमध्ये तोच वापरला जातो. त्याने साध्या बेरजेऐवजी नियमित पंचकोनाच्या दहा सममितींचा गुणाकार घेतला. पंचकोन पाच प्रकारे फिरवता येतो आणि पाच प्रकारे उलटवता येतो, म्हणजे दहा क्रिया होतात, आणि त्यांना ० ते ९ अशी नावं देता येतात. या क्रियांमध्ये क्रम महत्त्वाचा असतो. आधी फिरवून मग उलटवणं आणि आधी उलटवून मग फिरवणं यांचं उत्तर वेगळं येतं. शिवाय प्रत्येक स्थानावरचा अंक आधी एका ठरलेल्या तक्त्याने बदलून घेतला जातो, आणि हा तक्ता स्थानागणिक वेगळा असतो. या दोन्हींमुळे एका अंकाची प्रत्येक चूक आणि शेजारच्या दोन अंकांची प्रत्येक अदलाबदल नक्की पकडली जाते. यात शक्यतेचा प्रश्नच नाही, ती पकडली जातेच.

आपण खरा आधार क्रमांक घेणार नाही, पिनकोड घेऊ. पिनकोडला स्वतःचा तपासणी अंक नसतो, म्हणून सरावाला तो बरा. जळगावचा ४२५००१ घ्या आणि व्हर्होफच्या रीतीने उजवीकडून सुरुवात करा. रीतीत उजवीकडची शून्यावी जागा तपासणी अंकासाठी मोकळी ठेवतात, म्हणून शेवटचा १ पहिल्या स्थानावर येतो. प्रत्येक अंक आधी स्थानाच्या तक्त्यातून बदलायचा आणि मग आतापर्यंतच्या उत्तराशी पंचकोनाच्या कोष्टकातून 'गुणायचा'. उत्तरं क्रमाने ५, ०, ८, ६, ३, ६ अशी येतात. शेवटच्या ६ चा व्यस्त अंक त्या कोष्टकात ६ च आहे, म्हणून तपासणी अंक ६. पूर्ण संख्या झाली ४२५००१६.

हेच धुळ्याच्या ४२४००१ साठी करा. पहिल्या तीन पायऱ्या तशाच राहतात, ५, ०, ८. चौथ्या स्थानावर ५ ऐवजी ४ आहे, तिथून वाट बदलते आणि पुढे ७, ४, ७ येतं. ७ चा व्यस्त ७ च आहे. संख्या झाली ४२४००१७. व्हर्होफची कोष्टकं सहज मिळतील. ही दोन उदाहरणं कागदावर एकदा करून बघा, पंधरा मिनिटांचं काम आहे.

आता गंमत बघा. टायपिस्टने ४२५००१६ लिहिताना चुकून ४२४००१६ लिहिलं तर यंत्र ओरडेल, कारण ४२४००१ ला ७ हवा, ६ नको. त्याने ४५२००१६ असं उलटसुलट लिहिलं तरीही ओरडेल, कारण ४५२००१ ला ३ हवा. अंक आपलं काम चोख करतो.

पण एखाद्याला जळगावच्या जागी धुळे मुद्दामच घालायचं असेल तर? तो ४२४००१६ लिहीतच नाही. तो तुम्ही आत्ता केलं तेच गणित करतो आणि ४२४००१७ लिहितो. यंत्र गप्प बसतं. त्याने कुठलंही कुलूप फोडलेलं नाही, फक्त नियम पाळला आहे.

म्हणून एखाद्या ऑनलाइन फॉर्मने तुमच्या बारा अंकांपुढे हिरवी खूण दाखवली आणि कुणी म्हणालं, "आधार व्हेरिफाय झालं," तर तिथेच थांबवा. त्या खुणेचा अर्थ एवढाच असू शकतो की अंक टाइप करताना साधी चूक झालेली नाही. कुणी डोळे मिटून बारा अंक बडवले तरी दहापैकी एका वेळी ती खूण मिळेल, कारण अकरा अंकांना चालणारा बारावा अंक दहातला एकच असतो. आणि ज्याला गणित येतं त्याला दहापैकी दहा वेळा मिळेल. प्रत्येक बारा अंकी संख्या आधार नसते, हे खुद्द आधार प्राधिकरणानेही लोकांना सांगितलेलं आहे.

इथे व्हर्होफच्या अंकाला तीन गोष्टी कमी पडतात. तो लहान आहे. त्याचं गणित सोपं, सोडवता येण्याजोगं आहे. आणि त्यात कुठलंही गुपित नाही. या तिन्ही उणिवा एकेक करून भरून काढू, म्हणजे कुठल्या पायरीला काय मिळतं ते कळेल.

पहिली उणीव: लहानपणा

बहुतेक जण इथून सुरुवात करतात. एक अंक म्हणजे फक्त दहा शक्यता, मग मोठा चेकसम घेऊ. सीआरसी-३२ घ्या. इथरनेटवरून जाणाऱ्या प्रत्येक फ्रेमच्या शेवटी तो असतो, झिप फाइलमध्येही असतो. तो ३२ बिटांचा आहे, म्हणजे सुमारे ४२९ कोटी शक्यता. आता आंधळेपणाने बडवून खूण मिळवायची तर ४२९ कोटींत एकदा. दहात एकच्या तुलनेत ही प्रचंड सुधारणा वाटते.

आकस्मिक चुकीच्या बाबतीत ती खरोखर सुधारणा आहे. केबलमधला विजेचा झटका, बिघडलेली डिस्क, अर्धवट उतरलेली फाइल, यांना सीआरसी माहीत नसतो. त्या चुका आंधळ्या असतात, म्हणून त्यांच्या बाबतीत शक्यतेचं गणित लागू पडतं. सलग ३२ बिटांपर्यंत पसरलेला बिघाड तर सीआरसी-३२ नक्कीच पकडतो.

पण मुद्दाम बदलणारा माणूस आंधळा नसतो. ४२९ कोटी हा आकडा त्याच्या आड येतच नाही, कारण तो अंदाज लावत नाही, हिशेब करतो. संशोधन आराखड्यात "सीआरसी-३२ मुळे छेडछाड निसटण्याची शक्यता ४२९ कोटींत एक आहे" असं लिहिलेलं असेल, तर ते वाक्य चूक आहे. तो आकडा बिघाडाचा आहे. छेडछाडीच्या बाबतीत निसटण्याची शक्यता शंभर टक्के आहे.

दुसरी उणीव: सोडवता येणारं गणित

सीआरसीचं सगळं गणित एक्सऑरवर उभं आहे. त्यामुळे त्याच्यात एक गुण येतो: संदेशात केलेला बदल आणि चेकसममध्ये होणारा बदल यांचं नातं मूळ संदेशावर अवलंबून नसतं. हे नातं तुम्ही स्वतः तपासा. पायथनमध्ये सहा ओळी आहेत.

```python
from zlib import crc32
a = b"rs 00500"
b = b"rs 90500"
d = bytes(x ^ y for x, y in zip(a, b))
z = bytes(len(a))
print(crc32(b) == crc32(a) ^ crc32(d) ^ crc32(z))
```

उत्तर `True` येतं. `a` मध्ये पाचशे रुपये आहेत, `b` मध्ये नव्वद हजार पाचशे. `d` हा दोघांतला फरक आणि `z` म्हणजे तेवढ्याच लांबीची शून्यं. नव्या संदेशाचा चेकसम काढायला जुन्या संदेशाचा चेकसम आणि फक्त फरक एवढं पुरतं. जुना संदेश वाचावाही लागत नाही. `a` आणि `b` च्या जागी समान लांबीचं काहीही घाला, उत्तर बदलणार नाही.

"वाचावाही लागत नाही" हे शब्द किती महाग पडले ते वायफायच्या इतिहासात दिसतं. १९९७ च्या वायफाय मानकात सुरक्षेसाठी वेप नावाची पद्धत होती. तिच्यात प्रत्येक पॅकेटला सीआरसी-३२ जोडत आणि मग पॅकेट आणि सीआरसी दोन्ही आरसी४ ने कूटबद्ध करत. बनवणाऱ्यांचा विचार असा की चेकसम आतमध्ये, कुलुपाखाली आहे, मग बाहेरचा माणूस तो बदलणार कसा? २००१ मध्ये निकिता बोरिसोव्ह, इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर यांनी तो कसा बदलता येतो ते दाखवलं.

त्यांची युक्ती वरच्या सहा ओळींपेक्षा फार वेगळी नाही. आरसी४ संदेशाशी एक गुप्त बिटमाला एक्सऑर करतो. म्हणजे बंद पाकिटातला एखादा बिट बाहेरून उलटा केला, तर उघडल्यावर आतलाही तोच बिट उलटा झालेला मिळतो. आता हल्लेखोर ठरवतो की संदेशात अमुक बिट उलटे करायचे. त्या फरकामुळे सीआरसीचे कुठले बिट उलटतील ते त्याला वरच्या समीकरणातून कळतं. दोन्हीकडचे बिट तो बंद पाकिटावरच उलटे करतो. समोरचं यंत्र पाकीट उघडतं, बदललेला संदेश आणि त्याला अचूक जुळणारा सीआरसी बघतं, आणि समाधानाने स्वीकारतं. हल्लेखोराला किल्ली माहीत नव्हती. आत काय लिहिलं होतं तेही माहीत नव्हतं.

यातून घेण्यासारखी गोष्ट अशी: चेकसम लपवल्याने तो हॅश होत नाही. कूटबद्ध करणं म्हणजे वाचू न देणं. बदलू न देणं हे वेगळं काम आहे, आणि ते सीआरसीला कधी सांगितलेलंच नव्हतं. दोष सीआरसीचा नाही, त्याला त्या जागी बसवणाऱ्यांचा आहे.

ही उणीव भरायला क्रिप्टोग्राफिक हॅश लागतो. एसएचए-२५६ कुठलीही फाइल घेऊन २५६ बिट देतो, पडद्यावर ६४ अक्षरं दिसतात. शक्यता किती? ७८ अंकी संख्या होते. पण मघाशी बघितलं की नुसता मोठेपणा पुरत नाही. सीआरसीच २५६ बिटांचा बनवला असता तरी तो तितक्याच सहज सुटला असता. एसएचए-२५६ मध्ये नवीन काय, तर त्याच्या ६४ फेऱ्यांमध्ये बेरीज, फिरवणं आणि एक्सऑर अशी मिसळ केली आहे की बदल आणि परिणाम यांना जोडणारं वरच्यासारखं समीकरण उरत नाही. फाइलमधला एक बिट बदलला की साधारण निम्मे बिट उलटतात, आणि कुठले ते पूर्ण हिशेब केल्याशिवाय सांगता येत नाही. त्यामुळे हल्लेखोरही आता आंधळा होतो. त्याला पुन्हा अंदाजावर यावं लागतं, आणि तेव्हाच ती ७८ अंकी संख्या त्याच्या आड येते. मोठेपणा इथे कामाला आला, कारण गणिताची पळवाट आधी बंद झाली.

उलटही खरं आहे. एसएचए-२५६ चा हॅश काढून त्यातला फक्त एक अंक आधारच्या शेवटी लावला असता तर? सरासरी दहा प्रयत्नांत कुणीही हवा तो अंक जुळवला असता. म्हणजे दोन्ही एकत्र लागतात.

'तोडणं' म्हणजे नेमकं काय: न्यायालयातला एक नमुना

आता टीकेचा मुख्य भाग. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ हा १ जुलै २०२४ पासून लागू झाला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुरावा सादर करताना प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि अनुसूचीतल्या त्याच्या नमुन्यात पुराव्याचा हॅश लिहायची जागा आहे. हे चांगलं पाऊल आहे. पण कुठल्या रीतीने हॅश काढला ते सांगायला तिथे चौकोन दिलेत: `SHA1`, `SHA256`, `MD5` आणि 'इतर'. तिन्ही नावं एका ओळीत, समान दर्जाची.

ती समान नाहीत. २००४ मध्ये शाओयुन वांग आणि सहकाऱ्यांनी एमडी५ साठी एकच हॅश असलेले दोन वेगळे संदेश बनवून दाखवले. २०१७ मध्ये गूगल आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने एसएचए-१ साठी तेच केलं, आणि एकच हॅश असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ फाइली जगासमोर ठेवल्या. एसएचए-२५६ साठी असं कुणालाही जमलेलं नाही.

इथे घाईने "एमडी५ तुटला, म्हणजे एमडी५ लावलेला सगळा पुरावा बाद" असं म्हणू नका. मुलाखतीत परीक्षक नेमकं इथेच पकडतात. तुटलंय ते कोलिजन, म्हणजे समान हॅश असलेली फाइलींची जोडी बनवणं. त्यात दोन्ही फाइली हल्लेखोर स्वतः घडवतो. आधीच अस्तित्वात असलेल्या, दुसऱ्याच्या फाइलचा हॅश जुळेल अशी नवी फाइल बनवणं हे फार अवघड काम आहे, आणि ते एमडी५ साठीही व्यवहारात आजपर्यंत कुणी केलेलं नाही.

दोन प्रसंग समोर ठेवा. पहिल्यात एका घरातून हार्ड डिस्क जप्त झाली, पंचांसमोर तिचा एमडी५ काढून पंचनाम्यात लिहिला. पुढे कुणी डिस्कमध्ये एखादी फाइल घुसडली तर हॅश बदलेल, आणि तो पुन्हा जुळवणं त्याला जमणार नाही. इथे एमडी५ सुद्धा काम करून जातो. दुसऱ्या प्रसंगात एक जण भाडेकराराच्या दोन पीडीएफ बनवतो, एकीत पाच लाख, दुसरीत पन्नास लाख, आणि दोन्हींचा एमडी५ एकच येईल अशी तजवीज करतो. पहिली समोरच्याला पाठवतो, तिचा हॅश नोंदवला जातो. वाद झाल्यावर दुसरी पुढे करतो. हॅश जुळतो. नमुन्यातला चौकोन बरोबर भरलेला असतो आणि पुरावा खोटा असतो.

फरक कुठे पडला? फाइल घडवणाराच फसवणारा आहे का, यात. प्रमाणपत्राचा नमुना हा प्रश्न विचारत नाही, आणि त्याने विचारावा अशी अपेक्षाही नाही. म्हणूनच अशा जागी दोन्ही प्रसंगांत टिकणारी रीतच द्यायला हवी. `MD5` आणि `SHA1` चे चौकोन काढले तर कुणाचं काही अडत नाही, कारण ज्या साधनाने एमडी५ निघतो त्यानेच एसएचए-२५६ ही निघतो. लिनक्सवर `md5sum` ऐवजी `sha256sum` टाइप करायचं, एवढाच फरक.

तिसरी उणीव: गुपित नाही

एसएचए-२५६ घेतला तरी एक भोक राहतंच, आणि आराखड्यांमध्ये ते सगळ्यात जास्त दुर्लक्षित असतं. हॅश कुणीही काढू शकतो. समजा तुम्ही डेटासेट एका सर्व्हरवर ठेवला आणि शेजारीच त्याचा एसएचए-२५६ ठेवला. सर्व्हरमध्ये शिरलेला माणूस डेटासेट बदलेल, नव्याचा हॅश काढेल आणि जुन्याच्या जागी ठेवेल. सगळं जुळेल. पिनकोडच्या उदाहरणात ४२४००१ ला ७ लावला, तेच पुन्हा झालं. हॅश कितीही भक्कम असला तरी तो डेटाच्या सोबत, त्याच वाटेने येत असेल तर तो चेकसमएवढंच काम करतो.

पंचनाम्यातला हॅश का चालतो? कारण तो डिस्कवर लिहिलेला नाही. तो वेगळ्या कागदावर, पंचांच्या सह्यांखाली आहे. डिस्क बदलणाऱ्याचा हात त्या कागदापर्यंत पोचत नाही. सुरक्षेचा निम्मा भाग एसएचए-२५६ मध्ये असतो, उरलेला त्या सह्यांमध्ये.

हीच सही गणितात आणली की डिजिटल सही होते, आणि यासाठी आपण पुन्हा आधारकडे येऊ. कार्डावर जो दाट क्यूआर कोड असतो, त्यात नाव, जन्मतारीख, लिंग, पत्ता, फोटो आणि आधारचे शेवटचे चार अंक असतात. या सगळ्याचा एसएचए-२५६ काढून प्राधिकरण त्यावर आपल्या खासगी किल्लीने आरएसए सही करतं. ती २५६ बाइटची सही क्यूआरच्या शेवटी असते. तपासणाऱ्याकडे सार्वजनिक किल्ली असते. तिने सही तपासता येते, पण करता येत नाही.

आता कार्डावर फेरफार करणाऱ्याची अवस्था बघा. त्याने संगणकावर नाव बदलून नवी झेरॉक्स काढली तर छापील नाव बदलतं, पण क्यूआर स्कॅन केल्यावर जुनंच नाव येतं. त्याने क्यूआरमधलंही नाव बदललं तर हॅश बदलतो आणि सही जुळत नाही. नवी सही करायला खासगी किल्ली हवी, ती त्याच्याकडे नाही. बारावा अंक मात्र त्याने केव्हाच बरोबर घातलेला असेल. एकाच कार्डावर दोन साधनं शेजारी आहेत, एक चुकीसाठी आणि एक छेडछाडीसाठी, आणि कोणी एकमेकांचं काम करत नाही.

यालाही मर्यादा आहेत. क्यूआर स्कॅनच केला नाही, नुसता "आहे ना क्यूआर" असं बघितलं, तर सहीचा काही उपयोग नाही. मोबाइलमधल्या साध्या स्कॅनरने तो स्कॅन केला तर एक लांबलचक संख्या दिसते, त्यातून काहीच कळत नाही. सही तपासणारं प्राधिकरणाचं स्कॅनर अ‍ॅप लागतं. आणि सही जुळली तरी तिचा अर्थ 'ही माहिती प्राधिकरणाने दिली' एवढाच. समोर उभा असलेला माणूस तोच आहे का, ते फोटो बघूनच ठरवावं लागतं.

मग आराखड्यात काय लिहायचं

सुरुवातीच्या वाक्यावर परत येऊ. "डेटाची अखंडता राखण्यासाठी चेकसम वापरला आहे" या वाक्याला परीक्षक तीन प्रश्न विचारू शकतात. डेटा बिघडण्याची भीती आहे की कुणी बदलण्याची? बदलणाऱ्याला खूण नव्याने काढता येईल का? ती खूण डेटासोबतच ठेवली आहे की त्याच्या हाताबाहेर?

तुमचा प्रयोग हवामान केंद्राच्या सेन्सरचा असेल आणि भीती फक्त तारेतल्या गोंगाटाची असेल, तर सीआरसी पुरेसा आहे. तसंच लिहा: "प्रसारणातले आकस्मिक बिघाड सीआरसी-३२ ने पकडले, मुद्दाम केलेला फेरफार या अभ्यासात गृहीत धरलेला नाही." हे वाक्य कमी भपकेदार आहे, पण त्यावर कुणी बोट ठेवू शकत नाही. तिथे एसएचए-२५६ घातला तर लहान बॅटरीवरच्या यंत्राला उगाच ओझं होईल आणि हातात काही पडणार नाही.

डेटा जमा करणारा आणि वापरणारा वेगळे असतील, आणि मधल्या कुणाला तो बदलण्यात फायदा असेल, तर एसएचए-२५६ काढा आणि तो हॅश डेटापासून दूर ठेवा. मार्गदर्शकांना ईमेल करा किंवा छापील प्रबंधाच्या परिशिष्टात द्या. दोन यंत्रं एकमेकांशी सतत बोलत असतील तर दोघांकडे एक गुप्त किल्ली ठेवून एचमॅक वापरा. तपासणारे अनेक आणि अनोळखी असतील तर डिजिटल सही.

आणि तुमच्या आराखड्यात 'अखंडता' हा शब्द जिथे जिथे आलाय, तिथे कंसात 'बिघाडापासून' किंवा 'छेडछाडीपासून' यातलं एक लिहून बघा. जिथे 'छेडछाडीपासून' लिहावं लागलं आणि शेजारी सीआरसी किंवा तपासणी अंक उभा असेल, तो परिच्छेद पुन्हा लिहायचा आहे.